गुळाचा चहा आणि तात्यांची शुगर

आमच्या एसटी स्टँडसमोर दीड वर्षापूर्वी गुळाच्या चहाचं दुकान सुरू झालं. आता तालुक्याच्या गावात अशी सहा दुकानं आहेत. पितळी भांडी, मातीचे कप, लाकडी बाकडी आणि दारावर मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर चार ओळी होत्या. साखर नाही, केमिकल नाही, दातांना त्रास नाही, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरात: 'डायबेटीसवाल्यांनाही चालतो'.

या शेवटच्या ओळीपायी मी ही पोस्ट लिहितोय. घरात घडलेलं आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, वय ७१. अकरा वर्षं झाली डायबेटीसला. माणूस शिस्तीचा. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून फिका चहा. सणाला पुरणपोळी अर्धी, ती पण मोजून. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करायचे, आकडा सातच्या आसपास असायचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी असल्यामुळे तिथं एका दिवसाचं उपास-तापास करून फसवता येत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा रिपोर्ट ७.१ होता. त्यानंतरचा आला ८.४. औषध तेच, फिरणं तेच. डॉक्टरांनी विचारलं, "तात्या, खाण्यात काय बदल?" तात्या म्हणाले, "काही नाही." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात काहीच बदललं नव्हतं. फक्त सकाळच्या फिरण्यानंतर मित्रांबरोबर दोन, दुपारी एक, संध्याकाळी पारावरून उठल्यावर दोन असे पाच कप गुळाचे चहा सुरू झाले होते. अकरा वर्षं फिका चहा प्यालेल्या माणसाला कुणीतरी सांगितलं की आता गोड चालतं. कोण सोडेल?

त्यांना दोष द्यायचा नाही. दोष त्या ओळीचा आहे, आणि ती ओळ फ्लेक्सवर येण्याआधी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे.

मी दुकानात गेलो. मालक माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ, मला दादा म्हणतो. त्याला म्हटलं, एका कपाला किती गूळ टाकतोस ते जरा वजनकाट्यावर टाकून दाखव. त्यानं किसलेला गूळ नेहमीच्या चमच्यानं घेतला. १२ ग्रॅम. साखरेच्या चहावाला साधारण दोन चमचे टाकतो, ते ८ ते १० ग्रॅम भरतं. गूळ साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागतो, म्हणून तेवढीच गोडी यायला जास्त टाकावा लागतो. हे त्यालाही माहीत होतं. "दादा, दहात टाकला तर गिऱ्हाईक म्हणतं पाणचट हाय."

आता त्या १२ ग्रॅममध्ये असतं काय? साखर म्हणजे जवळपास शुद्ध सुक्रोज. गुळात सुक्रोज साधारण ६५ ते ८५ टक्के, शिवाय १० ते १५ टक्के ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच सुटे झालेले, थोडं पाणी, आणि एक टक्क्याच्या आसपास क्षार. आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमातच लिहिलंय की वाळवून मोजलेल्या गुळात एकूण शर्करा ९० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. नीट वाचा. गुळात साखर कमी निघाली तर तो गूळ कायद्यानं कमी दर्जाचा ठरतो. मग 'साखर नाही' ही ओळ कुठून आली?

सुक्रोज पोटात गेल्यावर आतड्यात त्याचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पिशवीतून आलेल्या साखरेचे जे होतात तेच ढेपेतून आलेल्या गुळाचे होतात. गुळाचं थोडं काम तर काहिलीतच होऊन आलेलं असतं. रक्तात साखर किती वेगानं चढते हे मोजायचा जो ग्लायसेमिक इंडेक्स असतो, तो साखरेचा ६५ च्या आसपास येतो. गुळाचा त्यापेक्षा खाली नाही, काही मोजण्यांत तो ८० च्या वर गेलेला आहे. गूळ हळूहळू विरघळतो म्हणून साखर हळूहळू वाढते, असं जे सांगतात, ते चहाला तर अजिबातच लागू नाही. चहात तो आधीच विरघळलेला असतो.

तात्यांना हे सांगून पटलं नाही. म्हणाले, "गूळ म्हणजे औषध. तुझी आजी काय वेडी होती?" मग मी एक प्रयोग सुचवला. घरात शुगर मोजायचं मशीन होतंच. डॉक्टरांना फोन करून विचारलं, पाच दिवस सकाळची गोळी आणि नाश्ता तासभर पुढं ढकलला तर चालेल का. ते म्हणाले, तात्यांच्या गोळ्यांचा विचार करता हरकत नाही, पण इन्शुलिनवाल्यांनी हे घरी करू नये. तेही इथं लिहून ठेवतो.

पाच दिवस, रोज सकाळी सहा वाजता. आधी उपाशीपोटी बोट टोचायचं, मग चहा, मग बरोबर तासानं पुन्हा बोट. चहा रोज सारखा: तेवढंच दूध, तेवढीच पावडर, एकच कप. पहिल्या दिवशी फिका. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी १० ग्रॅम साखर, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी १२ ग्रॅम गूळ. वजन करायला वाण्याकडून छोटा काटा आणला. तात्यांनी स्वतः वहीत आकडे लिहिले, कारण माझ्यावर विश्वास नव्हता.

फिक्या चहानं शुगर १२ नं वाढली. दुधातली साखर असतेच, तेवढी वाढणारच. साखरेच्या चहानं एका दिवशी ४४ आणि दुसऱ्या दिवशी ३९. गुळाच्या चहानं एका दिवशी ४७ आणि दुसऱ्या दिवशी ४१.

लगेच 'गूळ साखरेपेक्षा वाईट' असा मथळा करू नका. घरच्या मशीनला दहा-पंधरा टक्के इकडं-तिकडं व्हायची मुभाच असते, त्यामुळे ४४ आणि ४७ मध्ये फरक काढणं मूर्खपणा आहे. शिवाय एका माणसाचे पाच दिवस म्हणजे संशोधन नव्हे. पण १२ आणि ४४ मधला फरक मशीनची चूक नाही. फिका एका बाजूला, आणि साखर व गूळ दोघं हातात हात घालून दुसऱ्या बाजूला. तात्या वहीकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी रोज पाच वेळा साखर खात होतो?"

होय. हिशेब सरळ आहे. पाच कप गुणिले १२ ग्रॅम म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम गूळ, त्यात पन्नास ग्रॅमच्या वर शर्करा. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर गूळ, एकट्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये निरोगी माणसासाठी जी मर्यादा घातली ती दिवसाला साधारण ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. त्यात साखर, गूळ, मध सगळं एकाच खात्यात धरायचं असतं.

आणि आजी? आजी वेडी नव्हतीच. उन्हातून आलेल्या पाहुण्याला ती गूळ-पाणी द्यायची. का द्यायची? उन्हानं, चालण्यानं थकलेल्या माणसाला दहा मिनिटांत तरतरी यावी म्हणून. म्हणजे गूळ रक्तात झटकन उतरतो हे तिला चांगलंच ठाऊक होतं. आजही डायबेटीसच्या पेशंटची शुगर एकदम खाली गेली, घाम फुटला, हात थरथरायला लागले की आपण काय करतो? साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाकतो. आणि शुगर वर येते. जो गूळ संकटात पंधरा मिनिटांत शुगर वर आणतो, तोच चहाच्या कपात गेला की गप्प बसतो असं कसं होईल? आजीच्या काळात आणखी एक गोष्ट होती. तिचा दिवस जात्यावर, विहिरीवर आणि शेतात जायचा. आपला बाकड्यावर जातो.

आता लोहाचं. गुळाच्या बाजूनं बोलणारा प्रत्येकजण लोहावर येतो, आणि इथं थोडं तथ्य आहे. गुळात लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम असतं, साखरेत जवळपास शून्य. पण किती? वेगवेगळ्या तक्त्यांत १०० ग्रॅमला पाचपासून अकरा मिलिग्रॅमपर्यंत लोह दिलेलं दिसतं. म्हणजे आपल्या कपातल्या १२ ग्रॅमला अर्धा ते सव्वा मिलिग्रॅम. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. आणि हे थोडकं लोह आपण नेमकं कशात घालतोय? चहात. चहातल्या टॅनिनमुळे असल्या वनस्पतीज लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटतं. लोहासाठी गूळ खायचा आणि तो चहातून खायचा, हे म्हणजे शेताला पाणी सोडून बांध फोडल्यासारखं आहे. ज्यांना रक्त कमी आहे अशा बायाबापड्यांना हे सांगितलं पाहिजे, कारण दुकानात त्यांनाच 'रक्त वाढतं' म्हणून कप हातात देतात. जेवणानंतर लगेच चहा पिऊ नका, एवढं जरी सांगितलं तरी गुळापेक्षा जास्त लोह अंगी लागेल.

दातांकडं येतो. हा विषय माझा स्वतःचा आहे. पत्रकाराचं आयुष्य चहावर चालतं. पंचायत समितीत एक, पोलीस स्टेशनला एक, तहसीलला एक, आणि बातमी पाठवेपर्यंत दोन. गेल्या पावसाळ्यात खालची दाढ ठणकायला लागली. रूट कॅनॉल करावं लागलं. डेंटिस्टबाईंनी विचारलं, "गोड किती वेळा?" मी म्हणालो, "दिवसाला पाच-सहा चमचे." त्या म्हणाल्या, "किती चमचे नाही विचारलं. किती वेळा?"

तिथं मला पहिल्यांदा कळलं. दातांवर जो चिकट थर असतो त्यातले जंतू कुठलीही साखर मिळाली की तिचं आम्ल करतात. तोंडातली आम्लता ५.५ पीएचच्या खाली गेली की दाताच्या वरच्या कवचातले क्षार सुटायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल पुसते, थोडे क्षार परत बसवते, पण त्याला अर्धा तास सहज जातो. एकदाच भसकन गोड खाल्लं तर एक अर्धा तास. दिवसभरात सहा वेळा घोट-घोट घेत बसलं तर तीन-चार तास दात आम्लात. जंतूंना सुक्रोज लागतं, ते कुठल्या पिशवीतून आलं ते ते विचारत नाहीत. गुळातलं सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही त्यांना तितकंच गोड.

हे 'किती वेळा'चं गणित ज्या अभ्यासातून पक्कं झालं त्याची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची मतिमंदांसाठीची संस्था होती. १९४५ नंतरची काही वर्षं तिथल्या रुग्णांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे गोड दिलं, काहींना जेवणाबरोबर, काहींना जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या, आणि दात किती किडतात ते मोजलं. त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. अनेकांचे दात गेले. निष्कर्ष असा निघाला की जेवणाबरोबरच्या साखरेनं फारसं बिघडत नाही, पण मधूनमधून खाल्लेलं आणि दाताला चिकटून राहणारं गोड सगळ्यात वाईट. आज जगभरचे डेंटिस्ट जो सल्ला देतात त्याच्या मुळाशी ती माणसं आहेत.

चिकटून राहणारं म्हटल्यावर मला आमच्याकडची पद्धत आठवली. चहात गूळ फुटतो, दूध नासतं, म्हणून पुष्कळ जुनी माणसं गुळाचा खडा दाढेखाली धरतात आणि वरून फिका चहा पितात. दातांच्या दृष्टीनं हा प्रकार टॉफीच्या जवळ जाणारा. त्यापेक्षा चहात विरघळलेला गूळ परवडला.

दूध नासतं यावरून एक जाता जाता. लोक म्हणतात दूध नासलं तर गूळ अस्सल. तसं काही नाही. गुळात थोडी आंबटी आणि क्षार असतात, उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. चहा गॅसवरून उतरवून, उकळी बसल्यावर गूळ घातला तर बहुतेक वेळा फाटत नाही.

'केमिकल नाही' या ओळीवर बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण मी गुऱ्हाळाच्या बातम्या बऱ्याच केल्यात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही दोन दिवस गुऱ्हाळावर काढले होते. चुलवाणावर काहील चढते, रस उकळतो, गुळव्या चुना आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून मळी वर काढतो. तापमान ११६-११८ अंशांच्या आसपास गेलं की काहील उतरवायची. तिथं यंत्र नसतं, गुळव्याचा अंदाज असतो. असा निघालेला गूळ बहुधा गडद, तांबूस, तपकिरी. पण बाजारात भाव कुणाला? पिवळ्याधमक गुळाला. मग काहिलीत हायड्रॉस पडतं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते रंग उजळतं आणि मागं गंधकाचा अंश ठेवतं. नियमानं गुळात सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या वर चालत नाही. साखर कारखाने रस गोरा करायला गंधकाचा धूर वापरतात म्हणून साखर सोडलेला माणूस पिवळाजर्द गूळ चहात टाकून समाधानी होतो, याला काय म्हणावं? गूळ घ्यायचाच तर काळपट घ्या, दिसायला वाईट असला तरी. काही ठिकाणी गुळात स्वस्तातली साखरच मिसळतात, त्याच्या तक्रारी गुळाच्या बाजारात नव्या नाहीत.

गुऱ्हाळवाल्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. माझा मामा गुऱ्हाळवाला होता. १०० किलो उसातून दहा-अकरा किलो गूळ पडतो, लाकूडफाटा नाही तर चिपाड जाळून, रात्रभर जागून. त्याची चव साखरेला नाही. आमटीत, तिळगुळात, पोळीत गूळच पाहिजे. निरोगी माणसानं चवीसाठी गुळाचा चहा प्यावा, खुशाल प्यावा, जेवढी साखर घातली असती तेवढाच घालून प्यावा. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर आनंदच. पण तो माल आजाऱ्याला औषध म्हणून विकायची गरज नाही. गूळ चवीवर विकला जातो.

कायद्याचं सांगून थांबतो. २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमानुसार 'शुगर फ्री' म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा चालत नाही. १०० मिलीच्या कपात १२ ग्रॅम गूळ घालून हे कसं बसतं ते मोजा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. सहा दुकानांपैकी चार दुकानांवर डायबेटीसचा उल्लेख आहे, मी फोटो काढून ठेवलेत. तक्रार करता आली असती. पण पोरगं कर्ज काढून दुकानात बसलंय, त्यानं फ्लेक्स छापणाऱ्याला 'दुसऱ्या गावच्या दुकानासारखा कर' एवढंच सांगितलं होतं. म्हणून आधी त्याच्याशी बोललो. तात्यांची वही दाखवली.

तो बराच वेळ वही चाळत होता. म्हणाला, "दादा, माझी आई पण रोज इथलाच पिते. तिला पण शुगर हाय."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीवर पांढरा कागद चिकटवलेला दिसला. आठ दिवसांनी पावसात तो निघाला, तेव्हा त्यानं ब्रशनं रंग मारला. वरच्या तीन ओळी अजून आहेत, त्याबद्दल आमचा वाद चालू आहे. बाकीच्या तीन दुकानदारांकडं या आठवड्यात जाणार आहे, वही घेऊन. नाही ऐकलं तर फोटो आहेतच. तात्या पुन्हा फिक्यावर आलेत, रागानं. पुढचा रिपोर्ट येत्या महिन्यात आहे.